एका बोटाखाली सहा बाजार

आमच्या आजोळच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी सातला 'गुड मॉर्निंग'चं फूल येतं आणि आठच्या आत मामाचा स्क्रीनशॉट. फूल कुणाचंही असो, स्क्रीनशॉट कायम कांद्याच्या भावाचाच असतो. आजोळ कळंबला, म्हणजे आंबेगाव तालुक्यात, पण पुणे-नाशिक रस्त्यावर जुन्नरच्या हद्दीला चिकटून. त्यामुळे बराखीतला कांदा काढला की मामापुढे दर वेळी एकच प्रश्न असतो: गाडी खाली मंचरला न्यायची की वर आळेफाट्याला?

मागच्या हंगामात त्यानं एकदा आळेफाटा निवडला. मोबाईलवर भाव पाहिला होता, मंचरपेक्षा बराच जास्त दिसत होता. पट्टी हातात आली तेव्हा मात्र मंचरइतकाच भाव पडलेला, वर गाडीभाडं जास्त. 'व्यापाऱ्यांनी पाडला' असं म्हणून मामानं विषय संपवला. मी मात्र त्या सकाळचे त्याचे दोन स्क्रीनशॉट ग्रुपवर मागे जाऊन शोधले. पहिल्यात मंचरची ओळ होती, दुसऱ्यात आळेफाट्याची. दोन्ही झूम करून काढलेले, आणि दोन्हींत वरचे रकान्यांचे मथळे पडद्याबाहेर गेलेले. मूळ पान उघडून आकडे जुळवले तेव्हा कळलं, की मामानं मंचरचा 'सर्वसाधारण' दर पाहिला होता आणि आळेफाट्याचा 'कमाल'. कमाल दर म्हणजे त्या दिवशी सगळ्यात चांगल्या गोळा कांद्याच्या मोजक्या पिशव्यांना मिळालेला भाव. तुमच्या-माझ्या मालाला तो मिळतोच असं नाही.

म्हणजे भाव कुणी पाडला नव्हता. तो पानाच्या मांडणीत हरवला होता.

त्या साइटचं नाव इथं देत नाही, कारण अशी पानं बरीच आहेत आणि दोष सारखेच आहेत. मी आणि मंचरला बीसीएस करणारी माझी मावसबहीण, आम्ही दोघींनी ठरवलं की हे नीट मोजून बघायचं. तिनं तेच आकडे, तीच गावं घेऊन एक दुसरं पान तयार केलं. माहिती तीच, फक्त मांडणी वेगळी. हे महत्त्वाचं आहे. दोन वेगळ्या माहितीच्या पानांची तुलना केली तर फरक मांडणीमुळे पडला की माहितीमुळे, ते कळत नाही. मग मामाच्याच फोनवर दोन्ही पानं उघडली, झूम न करता, एकेक स्क्रीनशॉट काढला. जुन्या पानाला आम्ही 'अ' म्हटलं, नव्याला 'ब'.

आधी फूटपट्टी

पहिली चूक आम्हीच केली. दोन्ही स्क्रीनशॉट लॅपटॉपवर शेजारी-शेजारी लावून बघत बसलो. तिथं दोन्ही छानच दिसत होते. दिसणारच, कारण हाताएवढं चित्र आम्ही वहीएवढं करून बघत होतो. शिवाय व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेला स्क्रीनशॉट दाबला जातो, अक्षरांच्या कडा पुसट होतात. मग तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा आणि बघायचा फोनवरच, हातात धरून, हा नियम केला.

मोजायला मात्र लॅपटॉपच सोयीचा. मामाचा फोन साडेसहा इंची, स्वस्तातला. त्याचा स्क्रीनशॉट ७२० ठिपके रुंद आणि १६०० ठिपके उंच असतो. पडद्याची रुंदी फूटपट्टीनं मोजली तर साधारण ६८ मिलिमीटर भरली. ७२० भागिले ६८, म्हणजे एका मिलिमीटरला साडेदहा ठिपके. एवढं एक गणित हातात असलं की स्क्रीनशॉटमधली कुठलीही गोष्ट कापायच्या चौकटीत धरून किती ठिपक्यांची आहे ते बघायचं आणि तिचा खरा आकार मिलिमीटरमध्ये काढायचा. अॅप लागत नाही. तुमच्या फोनचा आकडा वेगळा येईल, रीत हीच.

दहा ठिपक्यांत 'किमान' कसं मावणार?

'अ' पानात गावाच्या एका ओळीची उंची भरली १६ ठिपके, म्हणजे दीड मिलिमीटर. अक्षर तर त्याहून लहान, जेमतेम दहा ठिपके. आता या दहा ठिपक्यांत मराठीला काय काय बसवायचं असतं बघा: शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, अनुस्वार, रफार, आणि खाली उकार. इंग्रजीतलं अक्षर तेवढ्यात कसंबसं तगतं, आपलं गुदमरतं. 'किमान' आणि 'कमाल' हे दोन मथळे त्या स्क्रीनशॉटमध्ये मी मामीला वाचायला सांगितले. तिनं दोन्ही वेळा 'कमान' वाचलं. हसण्यावारी नेऊ नका. क, मा या दोन्ही शब्दांत आहेत. फरक फक्त एका वेलांटीचा आणि शेवटच्या अक्षराचा, आणि नेमका तोच भाग ठिपक्यांत विरघळतो.

अक्षर इतकं लहान झालं कसं? बहिणीनं पानाचा कोड उघडून दाखवला. त्यात लेखकानं अक्षराचा आकार १४ पिक्सेल दिला होता, तो काही वाईट नाही. पण एक ओळ राहून गेली होती:

```html
<meta name="viewport" content="width=device-width, initial-scale=1">
```

ही ओळ ब्राउझरला सांगते, की पान फोनच्या रुंदीचंच धर. ती नसली की मोबाईलचा ब्राउझर समजतो, हे पान कॉम्प्युटरसाठी केलेलं दिसतंय. मग तो साधारणपणे ९८० पिक्सेल रुंदीचं पान मनात मांडतो आणि ते सगळं दाबून फोनच्या पडद्यात बसवतो. चौदाचं अक्षर ९८० मधून ७२० ठिपक्यांत आलं की उरतात दहा ठिपके. एका ओळीची विसर, आणि त्यापायी सगळा तालुका डोळे बारीक करून बसलेला.

'ब' पानात ती ओळ होती. मामाच्या फोनवर वेबसाइटचा एक पिक्सेल म्हणजे पडद्यावरचे दोन ठिपके, त्यामुळे तिनं दिलेलं १६ पिक्सेलचं अक्षर ३२ ठिपके भरलं, म्हणजे तीन मिलिमीटर. तरी पहिल्या फेरीत एक खोट निघालीच. तिनं दोन ओळींमधलं अंतर इंग्रजी पानासारखं कमी ठेवलं होतं. 'जुन्नर' आणि 'ओतूर' यांचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन टेकत होते. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट केली आणि दोन्ही गावं एकमेकांपासून सुटी झाली. मराठी पानाचा स्क्रीनशॉट तपासताना हे आवर्जून बघा: वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार यांच्यामध्ये पांढरी पट्टी दिसते का?

कागदाचं बोट

वाचता आलं तरी दाबता आलं पाहिजे. 'अ' पानात गावाच्या नावावर दाबलं की त्या बाजाराचं सविस्तर पान उघडायचं. मामा मंचर दाबायचा आणि भलतंच गाव उघडायचं. तो म्हणायचा, फोन खराब झालाय.

गुगलनं अँड्रॉइडसाठी दिलेल्या मार्गदर्शनात बोट टेकवायची जागा निदान ४८ युनिट उंच आणि तितकीच रुंद असावी असं म्हटलंय. प्रत्यक्षात ते साधारण नऊ मिलिमीटर होतात. वेबचे मानक ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं २०२३ मध्ये आपल्या सुलभतेच्या नियमांत २४ पिक्सेल ही किमान मर्यादा घातली. त्याहून लहान जागा चालते, पण मग तिच्याभोवती पुरेशी मोकळी जागा हवी. मामाच्या फोनवर २४ पिक्सेल म्हणजे साडेचार मिलिमीटर. हा तळ आहे, सोय नव्हे. चिखलाच्या, चिरा पडलेल्या बोटांसाठी नऊच धरावेत.

आम्ही जाड कागदाचा नऊ मिलिमीटरचा चौकोन कापला आणि त्याला 'कागदाचं बोट' म्हटलं. फोनवर 'अ'चा स्क्रीनशॉट पूर्ण पडदाभर उघडला आणि चौकोन गावांच्या यादीवर ठेवला. दीड मिलिमीटरची एक ओळ, म्हणजे कागदाखाली झाकल्या गेल्या सहा ओळी. एका बोटाखाली सहा बाजार! मामानं कुठलंही गाव दाबलं तरी फोननं सहांपैकी एक निवडायचं, आणि दोष मात्र फोनला. मामा तो कागद उचलून बघत राहिला. म्हणाला, 'म्हणजे इतके दिवस मी उगाच काच पुसत होतो.'

'ब'मध्ये एका गावाची चौकट चांगली ऐसपैस होती. कागदाचं बोट एका चौकटीत आरामात मावत होतं. आम्ही टाळी दिली, आणि तीच आमची दुसरी चूक.

स्क्रीनशॉट काय लपवतो

'ब' पान आम्ही चौघांच्या हातात दिलं: मामा, मामी, नारायणगावातल्या एका कृषी सेवा केंद्राचे दुकानदार काका आणि माझी एक वर्गमैत्रीण. प्रत्येकाला एकच काम: मंचर आणि आळेफाटा यांत आज कांद्याला सर्वसाधारण भाव कुठं जास्त आहे ते सांगा. आम्ही फक्त बघायचं, बोलायचं नाही. हे न बोलणं फार अवघड असतं.

मामानं 'मंचर' या नावावर दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. चौकट मोठी होती, पण दाबल्यावर उघडणारा भाग फक्त कोपऱ्यातला 'तपशील' हा छोटा शब्द होता. स्क्रीनशॉटमध्ये दिसते ती चौकट. बोट कुठं लागू होतं ते स्क्रीनशॉटमध्ये दिसतच नाही. उलटंही घडतं: छोटं चिन्ह दिसतं, पण त्याच्याभोवतीची अदृश्य जागा मोठी असते आणि दाबायला काहीच त्रास होत नाही. म्हणून कागदाच्या बोटानं फक्त संशय घ्यायचा, निकाल खऱ्या बोटानंच द्यायचा. बहिणीनं पूर्ण ओळच दाबण्याजोगी केली आणि मामाचा प्रश्न सुटला.

दुकानदार काकांनी दुसरीच गोष्ट दाखवली. ते फोन घेऊन दुकानाच्या दारात, उन्हात गेले. 'ब'मधली फिकट राखाडी अक्षरं तिथं गायबच झाली. घरात काढलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ऊन नसतं. राखाडीच्या जागी जवळपास काळा रंग आला.

गर्दी कुठली आणि कामाची कुठली?

आता पसाऱ्याचं. 'अ'च्या पहिल्या पडद्यावर दाबता येणाऱ्या गोष्टी आम्ही मोजल्या तर तीसच्या वर भरल्या. लोगो, सरकती बातमी, दोन ओळींचा मेनू, भाषा बदला, लॉगिन, जाहिरात. यातली एकही मामाच्या कामाची नव्हती. भावाचा पहिला आकडा पडद्याचा तिसरा हिस्सा सोडून खाली होता. 'ब'मध्ये बहिणीनं हे सगळं झाडून काढलं. प्रत्येक बाजाराची एक चौकट, तिच्यात किमान, कमाल, सर्वसाधारण असे तीन आकडे, आपापल्या नावासह. स्क्रीनशॉट शेजारी ठेवले तर कुणीही 'ब'लाच पसंती देईल. आम्हीही दिली.

पण मामाला उत्तर सापडायला 'ब'मध्ये उलट जास्त वेळ लागला.

कारण चौकटी मोठ्या होत्या. एका पडद्यावर तीनच बसत होत्या. आळेफाटा सगळ्यात वर आणि मंचर दोन पडदे खाली. मामा वरचा आकडा बघायचा, खाली जायचा, तोवर वरचा विसरायचा, पुन्हा वर. तिसऱ्या खेपेला म्हणाला, 'जरा पेन-कागद दे गं.' वेबसाइट बघायला कागद लागला की समजावं, काहीतरी चुकलंय. 'अ'चा तक्ता कितीही बारीक असला तरी त्यात सगळे बाजार एकाखाली एक होते. तुलना करण्यासाठी तक्ता चांगलाच असतो, त्याला शिक्षा झाली ती आकाराची.

दुसरं, मामानं विचारलं, 'हा भाव आजचा का कालचा? आणि क्विंटलचा का दहा किलोचा?' आम्ही दोघी गप्प. पसारा काढताना तारीख आणि परिमाण या दोन्ही गोष्टी बहिणीनं काढून टाकल्या होत्या, कारण त्यांनी पान 'भरल्यासारखं' दिसत होतं. वेबसाइटवरचा दर क्विंटलचा असतो, आपल्याकडे कांद्याच्या लिलावात बोली चालते दहा किलोची. म्हणजे पडद्यावर १,५०० दिसले तर बाजारात त्याला १५० म्हणायचं. हे परिमाण पानावर नसेल तर आकडा स्वच्छ दिसूनही अर्धवटच.

तेव्हा मला पसाऱ्याचा अर्थ नीट कळला. पडद्यावर किती गोष्टी आहेत ते मोजणं सोपं. पण ज्याला बाजार ठरवायचा आहे त्याच्यासाठी तारीख हा पसारा नाही, लोगो आहे. स्क्रीनशॉटवर प्रत्येक गोष्टीपुढे एकच प्रश्न लिहायचा: ही काढली तर मामाचा निर्णय बदलेल का? तारीख काढली तर बदलेल. सरकती बातमी काढली तर नाही.

शेवटी काय उरलं

बहिणीनं 'ब' पुन्हा मांडला. वर एकच ओळ: पीक, तारीख आणि 'दर प्रति क्विंटल'. ती ओळ पान सरकवलं तरी वरच चिकटून राहते. खाली प्रत्येक बाजाराची एक ओळ, साडेदहा मिलिमीटर उंच. डावीकडे गाव, उजवीकडे फक्त सर्वसाधारण दर, ठळक अक्षरात. ओळीवर कुठंही दाबलं की तिथंच खाली किमान, कमाल आणि आवक उलगडते. आठ बाजार एका पडद्यात बसले. आता मामाला चुकून कमाल दर दिसूच शकत नाही, तो मुद्दाम उघडावा लागतो.

चौघांना पुन्हा तेच काम दिलं. चौघांनीही झूम न करता, चुकीचं गाव न उघडता उत्तर दिलं. चार माणसं म्हणजे काही संशोधन नव्हे, हे मलाही माहितीय. पण पहिल्या 'ब'मधल्या चुका सापडायला चारच पुरली होती, आणि त्यातली निम्मी आम्हाला स्क्रीनशॉटवर कधीच दिसली नसती.

मामीनं मात्र एक तक्रार ठेवलीच. तिनं फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर सगळ्यात मोठं करून ठेवलंय. तिच्या फोनवर 'आळेफाटा' दोन ओळींत तुटला आणि भाव खाली घसरला. म्हणजे आमचं पान मामाच्या फोनचं झालं, मामीच्या फोनचं अजून व्हायचंय. बहीण त्यावर बसलीय.

मूळ साइट अजून तशीच आहे. आम्ही दोन्ही स्क्रीनशॉट, त्यावर लाल रेघेनं मिलिमीटर लिहून, तिथल्या संपर्काच्या पत्त्यावर पाठवलेत. 'साइट वाचता येत नाही' अशा तक्रारीला 'आमच्याकडे नीट दिसते' हे उत्तर ठरलेलं असतं, आणि ते खोटंही नसतं, कारण बघणारा कॉम्प्युटरवर बघत असतो. 'गावाची ओळ दीड मिलिमीटर आहे, बोट नऊ मिलिमीटरचं आहे' याला मात्र तसं उत्तर देता येत नाही.

ग्रुपवर मामाचे स्क्रीनशॉट अजूनही येतात. परवाचा मी उघडून पाहिला. झूम केलेला होता, पण या वेळी वरचा मथळा त्यानं आठवणीनं चौकटीत घेतला होता: सर्वसाधारण.